वजनाला वय म्हणू नका

गेल्या संक्रांतीला माझी आई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान झाली.

तिचं खरं वय ६३, माझं ३४. घरात सगळे जमले होते, तिळगूळ खाऊन झाला होता, आणि भावाने कौतुकाने त्याचा स्मार्ट वजनकाटा हॉलच्या मधोमध आणून ठेवला. काचेचा, पातळ, फोनला ब्लूटूथने जोडलेला. एकेक जण अनवाणी उभा राहिला. माझ्या नावापुढे आलं : मेटाबॉलिक एज ४२. आईच्या नावापुढे आलं : ४०. शेजारी हिरवी बरोबरची खूण. चार महिन्यांपूर्वी, गणपतीत, याच काट्याने तिला ५० दाखवलं होतं. म्हणजे चार महिन्यांत ती दहा वर्षांनी तरुण झाली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकू म्हणाली, "वहिनी, आम्हालाही सांगा की काय खाता ते." आई हसली आणि चहा ओतायला उठली. कप बशीवर वाजत होता, तो आवाज मला आठवतो. तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नाही, कारण मी माझ्या ४२ वर रुसून बसले होते.

आईच्या त्या ४० चं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी या आकड्याची उलटतपासणी करायची आहे. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. एखादी गोष्ट खरी की खोटी हे ठरवायची माझ्या धंद्यातली पद्धत साधी असते : आत जाणाऱ्या माहितीतली एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आणि बाहेर काय येतं ते बघायचं. या काट्याचं मी तेच केलं. त्यातून माझं जे मत झालं ते सुरुवातीलाच सांगून टाकते. मेटाबॉलिक एज हे वय नाही. ते मेटाबॉलिझमचं मोजमापही नाही. माझ्या समोरच्या काट्यापुरतं बोलायचं तर ते वजन आहे, वयाचा सदरा घातलेलं.

काटा नेमकं काय मोजतो, इथून सुरू करू. त्यावर उभं राहिलं की आधी वजन कळतं. ते तो नीट मोजतो, तिथे तक्रार नाही. मग तळव्यांखालच्या धातूच्या पट्ट्यांतून तो अगदी सूक्ष्म वीज सोडतो, एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी, आपल्याला जाणवत नाही इतकी. वीज एका पायातून वर चढते, ओटीपोटातून वळते आणि दुसऱ्या पायातून खाली येते. वाटेत तिला किती अडथळा झाला ते काटा ओहममध्ये मोजतो. या अडथळ्याला आपण रोध म्हणू. स्नायूंमध्ये पाणी आणि क्षार भरपूर, म्हणून तिथून वीज सहज जाते. चरबीत पाणी कमी, म्हणून तिथे ती अडते. रोधावरून चरबीचा अंदाज बांधायची कल्पना यावर उभी आहे, आणि कल्पना म्हणून ती चुकीची नाही.

पण लक्षात घ्या, मोजल्या गेल्या त्या दोनच गोष्टी : किलो आणि ओहम. माझ्या भावाच्या काट्यासारखे बरेच स्वस्त काटे हे दोनच आकडे फोनकडे पाठवतात. उंची, वय आणि लिंग आपण ॲपमध्ये आधीच टाइप केलेलं असतं. मग चरबी, स्नायू, हाडं, पाणी, पोटाच्या आतली चरबी, बीएमआर आणि मेटाबॉलिक एज अशी जी डझनभर आकड्यांची आरास फोनवर उलगडते, ती सगळी फोनमध्ये गणित करून काढलेली असते. काट्याला तुमच्या हाडांबद्दल काहीही माहीत नसतं.

आता कंपन्या मेटाबॉलिक एज कसं समजावून सांगतात ते पाहू. शब्द इकडेतिकडे होतात, पण व्याख्या साधारण हीच असते : तुमचा बीएमआर, म्हणजे काहीही न करता नुसतं जिवंत राहायला शरीर दिवसाला जेवढ्या कॅलरी जाळतं तो आकडा, कोणत्या वयाच्या लोकांच्या सरासरीशी जुळतो ते आम्ही बघतो. जुळणारं वय तुमच्या वयापेक्षा कमी असेल तर छान. जास्त असेल तर बीएमआर वाढवा, व्यायाम करा, स्नायू कमवा. ऐकायला शास्त्रीय वाटतं. जिममधल्या ट्रेनरनेही मला हेच सांगितलं होतं. "मॅडम, आठ वर्षं जास्त आहेत, तीन महिन्यांच्या पॅकेजमध्ये खाली आणू." म्हणजे आठ वर्षं ही माझी थकबाकी होती आणि तो वसुलीला बसला होता.

या व्याख्येत तरी काट्याने इमान राखलंय का, हे तपासायचं तर सूत्र हवं. बहुतेक कंपन्या ते गुपित ठेवतात. पण खूप खपलेल्या एका काट्याच्या ॲपमधलं गणित हौशी प्रोग्रामरांनी उकलून काढलं आहे आणि ते गिटहबवर कुणालाही वाचता येतं. भावाचा काटा त्याच जातीचा निघाला. काट्याकडून येणारे ओहम दाखवणारं एक मोफत ॲप घेऊन मी आकडे ताडून पाहिले, ते जुळले. स्त्रियांसाठीचं सूत्र पूर्ण असं आहे :

```
metabolic_age = 83.2548
              - 1.1165 * height
              + 1.5784 * weight
              + 0.4615 * age
              + 0.0415 * impedance
```

उंची सेंटिमीटरमध्ये, वजन किलोत, वय वर्षांत, शेवटचा तो रोध, ओहममध्ये. उत्तर १५ च्या खाली किंवा ८० च्या वर गेलं तर ते तिथेच थांबवतात. बस, एवढंच. शाळेत सातवीत असताना आपण यापेक्षा अवघड गणितं केली आहेत.

माझे आकडे घालून बघू. उंची १५८, वजन ६२, वय ३४, त्या दिवशीचा रोध ५२०. उत्तर येतं ४१.९८. म्हणजे ४२. माझा संक्रांतीचा अपमान इतका स्वस्तात तयार झाला होता.

आता या ओळी पुन्हा एकदा वाचा आणि सांगा, यात बीएमआर कुठे आहे? नाहीये. मेटाबॉलिझमच्या नावाने चाललेल्या या हिशोबात मेटाबॉलिझम येतच नाही. तेच ॲप बीएमआर वेगळ्या सूत्राने काढतं, त्यातही फक्त वजन, उंची आणि वय वापरतं. विजेचा तिथे काहीच संबंध नसतो. बायकांच्या बाबतीत एक किलो वजन वाढलं की त्या सूत्रात दिवसाला साधारण दहा कॅलरी वाढतात. आता गंमत बघा. समजा, दिवाळीच्या फराळाने माझं वजन तीन किलोंनी वाढलं, बाकी सगळं तसंच राहिलं. ॲपच्या मते माझा बीएमआर १२२४ वरून १२५५ होईल, म्हणजे वाढेल. व्याख्येप्रमाणे मी तरुण व्हायला हवी. पण मेटाबॉलिक एज ४२ वरून ४७ वर जाईल. एकाच पडद्यावर, एकाखाली एक, दोन आकडे एकमेकांना खोटं पाडतात, आणि आपण दोन्हींवर विश्वास ठेवून खाली स्क्रोल करतो.

टेस्टरची पद्धत पुढे चालवू. सूत्रात वजनाचा एक किलो म्हणजे दीड वर्षाहून थोडं जास्त. मी दोन लिटर पाण्याची बाटली हातात धरून काट्यावर उभी राहिले. वीज माझ्या पायांतून जात होती, बाटलीशी तिचा संबंध नव्हता. माझं वय ४५ झालं. बाटली खाली ठेवली, पुन्हा ४२. तीन वर्षं मी हातात धरून उभी होते. तुमच्या घरी असा काटा असेल तर हा प्रयोग आत्ता करून बघा. आकडे वेगळे येतील, पण बाटलीसकट तुम्ही म्हातारे झालात तर समजून घ्या की तुमचा काटाही याच कुळातला आहे.

मग मी ॲपमध्ये उंची तीन सेंटिमीटर जास्त टाकली. शाळेत उंची भिंतीला टेकवून पट्टीने मोजली होती, तेव्हा तेवढी चूक सहज असू शकते. वय ३९ झालं. उंची परत नीट केली आणि लिंग बदलून पुरुष केलं. शरीर तेच, रोध तोच, उभी तिथेच. पुरुषांसाठी सूत्रातले आकडे वेगळे आहेत, त्यांनी उत्तर दिलं ३४. म्हणजे बरोबर माझं खरं वय! एवढे दिवस मी डाएट करत बसले होते, आणि इलाज प्रोफाइलच्या एका टिचकीत होता.

यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग जन्मसालाचा, कारण तो तुमच्याबद्दल आहे, या पानावर फोनवरून आलेल्या विशी-तिशीतल्या वाचकांबद्दल. सूत्रात खऱ्या वयाला अर्ध्याहूनही कमी किंमत आहे. एक वर्ष वाढलं की उत्तर ०.४६ वर्षाने वाढतं. याचा परिणाम काय होतो? तेच माझं शरीर, तोच रोध, फक्त जन्मसाल बदलून मी २४ वर्षांची झाले, तर उत्तर येतं ३७. तेरा वर्षं जास्त, लाल अक्षरांत. जन्मसाल मागे नेऊन ६४ वर्षांची झाले, तर उत्तर येतं ५६. आठ वर्षं कमी, हिरव्या अक्षरांत. शरीरात एका पेशीचाही फरक नाही. या वजन-उंचीची बाई साधारण ४९ व्या वर्षापर्यंत "म्हातारी" असते आणि त्यानंतर काहीही न करता "तरुण" होत जाते.

हे मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. मला वाटतं, कुणीतरी पुष्कळ लोकांचे आकडे घेऊन त्यांतून एक सरळ रेषा ओढली आणि तिच्यातून हे आपोआप आलं. पण परिणाम तर बघा. विशीतल्या मुलीला सांगितलं जातं की तू पस्तिशी ओलांडलीस, आणि साठीतल्या बाईला सांगितलं जातं की अहो, तुम्ही तर अजून पन्नाशीतच आहात. जिला पॅकेज विकायचं आहे ती घाबरते, आणि जिने डॉक्टरकडे जायला हवं ती निश्चिंत होते.

काही जण म्हणतील, हा एका स्वस्त काट्याचा किस्सा झाला. महागड्या मशीनमध्ये हातात धरायच्या मुठी असतात, वीज हात आणि धडातूनही जाते, सूत्रंही चांगली असतात. ते खरं आहे. हात-पाय दोन्हीकडून मोजणाऱ्या यंत्राचा चरबीचा अंदाज नुसत्या पायांवरच्या काट्यापेक्षा सहसा बरा असतो. काही यंत्रं स्नायूंच्या अंदाजावरून बीएमआर काढतातही. चला, मी सगळ्यात उदार होते. धरून चालू की यंत्राने तुमचा बीएमआर अगदी अचूक काढला. काटासुद्धा नको, खरी प्रयोगशाळाच घेऊ. बीएमआर मोजायची खरी रीत अशी असते : रात्रभर उपाशी राहायचं, सकाळी शांत, उबदार खोलीत जागेपणी पडून राहायचं, आणि श्वासातून किती ऑक्सिजन घेतला व किती कार्बन डायऑक्साइड सोडला ते मोजायचं. त्यावरून जाळलेल्या कॅलरी निघतात. तेवढं सगळं करून हातात आलेला आकडा तुमचं वय सांगेल का?

नाही सांगणार. २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हर्मन पॉन्ट्झर आणि त्यांच्या बऱ्याच सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २९ देशांतले ६,४०० हून अधिक लोक, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धांपर्यंत. त्यांना आढळलं की शरीराचा आकार आणि चरबी वगळून उरलेलं वस्तुमान हिशोबात धरलं, तर ऊर्जेचा खर्च विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत जवळजवळ तसाच राहतो. उतार लागतो तो साठीनंतर, आणि तोही वर्षाला ०.७ टक्क्याच्या आसपास. "तिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो" हे आपण सगळेच एकमेकांना सांगत आलोय. त्या आकडेवारीत तसं दिसलं नाही. तिशीत मंदावतं ते आपलं चालणं-फिरणं, आणि कमी होतात ते स्नायू.

याचा अर्थ नीट समजून घ्या. वीस ते साठ हा रस्ता सपाट आहे. त्याच्यावर मैलाचे दगडच नाहीत. अशा रस्त्यावर तुम्ही उभे आहात आणि कुणी म्हणतंय, "पायाखालची उंची मोजून सांगतो, तुम्ही बेचाळिसाव्या मैलावर आहात." मोजमाप कितीही अचूक असलं तरी उंचीवरून मैल कळणार नाही, कारण उंची सगळीकडे सारखीच आहे. बीएमआर माणसामाणसांत बदलतो तो मुख्यतः शरीर केवढं आणि त्यात स्नायू व अवयव किती यावरून. त्यावरून वय काढणं म्हणजे चपलेच्या नंबरावरून पगार काढण्यासारखं आहे. मुलांपासून मोठ्यांपर्यंत सगळ्यांना एका तक्त्यात घातलं तर काहीतरी संबंध दिसेलही, पण तो तुमच्या कामाचा नाही.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. माझा भाऊ म्हणाला, "ताई, आकडा खोटा असू दे, पण त्याला घाबरून लोक व्यायाम तरी करतात ना?" करतात, हे मान्य. पण कोणत्या दिशेने धावतात ते बघायला हवं. सूत्रात वजन उतरलं की बक्षीस मिळतं. ते वजन चरबीचं होतं की स्नायूंचं, हे सांगू शकेल असा एकच साक्षीदार आहे, रोध. आणि त्याचा आवाज इतका बारीक ठेवलाय की १०० ओहमचा मोठा फरक पडला तरी उत्तर फक्त चार वर्षांनी हलतं. तेवढं तर अडीच-पावणेतीन किलो वजनाने हलतं. शिवाय तो साक्षीदार स्वतःच डळमळीत असतो. तळवे कोरडे की ओले, आत्ताच गरम पाण्याने अंघोळ केलीत की नाही, घाम गाळून आलात की झोपून उठलात, या प्रत्येकाने ओहम बदलतात. त्यामुळे उपाशी राहून स्नायू गमावलेत तरी काटा म्हणेल, शाब्बास.

आपल्याकडे तर ही चूक जास्तच महागात पडते, आणि हे जगाला दाखवून दिलं ते पुण्यातल्याच एका डॉक्टरांनी. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी सारखा. पण शरीरातली चरबी एक्स-रेच्या खास तंत्राने मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. उंचीला वजन तितकंच, आत चरबी दुप्पट. भारतीय शरीर बाहेरून सडपातळ आणि आतून चरबीयुक्त असू शकतं, आणि मधुमेह इथे कमी वजनातही गाठतो, हे सांगायला तो एक फोटो पुरला. आता वरच्या सूत्राकडे बघा. त्यातला मोठा भार उंची आणि वजन यांवरच आहे. ज्या फसवणुकीपासून आपल्याला सावध राहायचं होतं, तीच या सूत्राने "वय" म्हणून पडद्यावर आणली. ऑफिसात बसून काम करणारा, काटकुळ्या हातांचा आणि सुटलेल्या पोटाचा, ५८ किलोंचा आपला मित्र या काट्यावर खुशीत उतरतो. त्याने खरं तर पोटाभोवती टेप गुंडाळायला हवी आणि वर्षातून एकदा उपाशीपोटी साखर तपासायला हवी.

मग हा आकडा काढला कशाला? कारण किलोची सवय होते. ६२ चे ६३ झाले तर आपण म्हणतो, काल पार्टी होती. टक्के तर कुणाला कळतच नाहीत. पण वय? "तू बेचाळिशीची आहेस" हे वाक्य चौतिशीतल्या बाईला नुसतं माहिती म्हणून ऐकूच येत नाही. आपल्या घरांमध्ये बाईचं वय लग्नाच्या बाजारापासून ते "आता कशाला नवीन शिकतेस"पर्यंत किती ठिकाणी तिच्याविरुद्ध वापरलं जातं, हे मी सांगायला नको. पुरुषांचीही सुटका नाही, पंचविशीत टक्कल आणि ढेरी यांनी ते आधीच खचलेले असतात. वय हे एकक निवडलं ते मोजायला सोयीचं म्हणून नाही, लागायला सोयीचं म्हणून.

मला काटे मोडायचे नाहीत. आमचा अजून घरात आहे. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी आठवड्यातून एकदा उभं राहावं, वजन लिहावं आणि दोन-तीन महिन्यांचा कल बघावा. चरबीची टक्केवारी बघायचीच असेल तर त्याच वेळी, त्याच काट्यावर, आणि ती वर जाते की खाली एवढंच. कंपन्यांकडून माझी मागणी मात्र मोठी आहे. ज्या आकड्यामागे मोजमाप नाही, त्याच्यापुढे "अंदाज" असं लिहा. अंदाज किती चुकू शकतो ते लिहा. सूत्र उघड करा. आणि "वय" हा शब्द काढून टाका, कारण तो तुम्ही मोजलेला नाही. आम्हीच तो तुम्हाला टाइप करून दिला होता.

आता आईकडे येते.

संक्रांतीनंतर तीन आठवड्यांनी ती जिना चढताना मध्येच बसली. छाती धडधडत होती. तेव्हा कुठे मी सगळं एकत्र जोडून पाहिलं. ती नेहमीपेक्षा जास्त जेवत होती आणि तरी ५१ किलोंवरून ४४ वर आली होती. पौषातल्या थंडीत तिला पंखा लागत होता. रात्री झोप नव्हती. आणि तो बशीवर वाजणारा कप. डॉक्टरांनी नाडी धरली, मिनिटाला ११२. तिला दोन्ही हात पुढे पसरायला सांगितले आणि बोटांवर कागद ठेवला. कागद थरथरला. रक्त तपासलं तर टीएसएच जवळजवळ नव्हतंच. थायरॉइड बेफाम चालली होती.

माझ्या डोक्यात जे बसलं ते हे : वाढलेल्या थायरॉइडमध्ये माणसाचा खराखुरा बीएमआर वाढतो. १८९५ मध्ये अडोल्फ माग्नस-लेव्ही या जर्मन डॉक्टराने रुग्णांचे श्वास मोजून हे दाखवलं होतं, आणि पुढे रक्ताच्या चाचण्या येईपर्यंत कितीतरी वर्षं बीएमआर मोजूनच थायरॉइडचं निदान केलं जाई. म्हणजे संक्रांतीच्या त्या संध्याकाळी आईचं शरीर खरोखरच भट्टीसारखं पेटलेलं होतं, स्वतःचेच स्नायू जाळत होतं. मेटाबॉलिझमबद्दल घरात सांगण्यासारखी एकच बातमी होती, ती हीच. आणि काट्याला ती दिसली नाही. त्याने तिचा बीएमआर ९३५ वरून ८६४ झाला, म्हणजे घटला, असं दाखवलं, कारण वजन घटलं होतं. आणि त्याच वजनामुळे तिला दहा वर्षांनी तरुण केलं. मी नंतर सूत्रात तिचे आकडे घालून पाहिले. १५० सेंटिमीटर, ४४ किलो, ६३ वर्षं, ६२० ओहम. ४०.०३. रोध ३० ओहमने वाढला होता, म्हणजे काहीतरी बदलतंय हे तो बारीक आवाजातला साक्षीदार सांगत होता. सूत्राने त्याला सव्वा वर्षाची किंमत दिली, आणि सात किलोंना अकरा वर्षांची.

दोष काट्याचा किती आणि माझा किती, हे मी अजून ठरवतेय. कप वाजत होता तो ऐकायला ॲप लागत नाही. पण हेही खरं की त्या हिरव्या खुणेने आम्हा सगळ्यांचे कान बंद केले. नाहीतर ६३ वर्षांच्या बाईचं सात किलो वजन न सांगता-सवरता उतरलं, हे ऐकून आमच्या आजीने टाळ्या वाजवल्या नसत्या. ती म्हणाली असती, "हिला आधी कुणाला तरी दाखवा."

आईच्या गोळ्या सुरू आहेत. वजन ४९ वर आलंय, जेवण नेहमीचं झालंय, चहा ओतताना कप वाजत नाही. मागच्या आठवड्यात भावाने तिला पुन्हा काट्यावर उभं केलं. मेटाबॉलिक एज ४७ आलं. शेजारी लाल बाण, गेल्या वेळेपेक्षा सात वर्षांनी वाढ, आणि खाली सूचना : तुमच्या जीवनशैलीकडे लक्ष द्या.

आईने चष्मा लावून ते वाचलं, मला म्हणाली, "बरी झाले की ओरडतो होय गं हा?" आणि खाली उतरली.